पारिजातकाच्या गोष्टीत शाप कुठेय?

प्रश्न: आजी सांगायची पारिजातक म्हणजे शापित राजकन्या. पण शाप कोणी दिला, का दिला हे कुठेच मिळत नाही. गोष्ट जुनी आहे की हल्ली कोणी रचलेली?

जुनी आहे, आणि आपल्याच किनाऱ्यावरची आहे. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा, त्याचं औषधी झाडांवरचं पुस्तक 1563 ला गोव्यातच छापलं गेलं, त्यात ही गोष्ट आहे. एका मोठ्या माणसाची मुलगी सूर्याच्या प्रेमात पडली, सूर्य तिला टाकून दुसरीकडे गेला, तिने जीव दिला, तिला जाळलं आणि त्या राखेतून झाड उगवलं, म्हणून त्याच्या फुलांना सूर्याचं तोंड बघवत नाही. यात शाप कुठेच नाही, चूक त्याची आणि सोसलं तिने. मला वाटतं झाड झालं म्हणजे शाप असणारच असं आपण धरून चालतो, अहल्या, वृंदा ऐकून कान तसे तयार झालेत. आणि कृष्णाने सत्यभामेसाठी स्वर्गातून आणला तो पारिजात, ती वेगळी गोष्ट, दोन्ही एकात मिसळू नका.

ओर्ताने त्याला दुःखी झाड म्हटलंय, आणि लिनिअसने 1753 ला शास्त्रीय नाव दिलं त्यातही तेच राहिलं, आर्बर-ट्रिस्टिस.

आता गंमत बघा, रोमन कवी ओव्हिडकडे क्लायटी आहे, तिलाही सूर्यानेच टाकलं. ती नऊ दिवस उपाशी बसून त्याच्याकडेच बघत राहिली आणि तिचं फूल झालं, ते सूर्याकडे वळतं. (सूर्यफूल म्हणतात लोक पण ते अमेरिकेतून खूप नंतर आलं, ते हे नव्हे.) म्हणजे दुःख एकच, पण तिथे समोर सूर्याकडे वळणारं फूल होतं म्हणून ती बघत बसली, आपल्या अंगणात पहाटे गळणारं होतं म्हणून हिने तोंड फिरवलं. माझ्या मते आधी फूल दिसलं, गोष्ट मागून आली.

आमच्याकडे वेंगुर्ल्याला भाद्रपदात सारवलेल्या अंगणात सकाळी सडा पडलेला असतो, एक फूल उचलून देठाकडून बघा. केशरी नळी खालून उघडी असते, हिरवा भाग नसतोच, तो फांदीवरच राहिलेला असतो आणि पुढे त्याचीच ती चपटी दोन बियांची फळं होतात. पांढरा रंग नि वास रात्रीच्या पतंगांसाठी, पहाटेपर्यंत पाकळ्यांचं काम झालेलं असतं म्हणून त्या नळीसकट सुटतात. गोष्ट सांगणाऱ्याने सडा पाहिला, फांदीवर काय राहिलं ते नाही पाहिलं. आजीला विचारा, तिच्या गोष्टीत राजकन्येला जाळतात का ते, कारण राखेचा भाग असेल तर ती ओर्तावालीच.