‘गव्हर्नन्स’चं मराठी काय करायचं? सुशासन, प्रशासन की कारभार

प्रश्न: बाबा एका बँकेतून महाव्यवस्थापक म्हणून रिटायर झालेत. आता एका नागरी सहकारी बँकेच्या व्यवस्थापन मंडळासाठी त्यांचं नाव सुचवलंय आणि बँकेला मराठीत एक पानी परिचय हवाय. ‘गव्हर्नन्सचा अनुभव’ला सुशासन लिहू का? क्लार्कपासूनच्या सगळ्या नोकऱ्या काढून टाकल्या तर ते लपवल्यासारखं वाटेल का?

सुशासन नको. त्यातला ‘सु’ म्हणजे आधीच दिलेलं सर्टिफिकेट आहे, आणि ते दुसऱ्याने द्यायचं असतं. शिवाय तो शब्द सरकारचा झालाय, २५ डिसेंबरचा सुशासन दिन वगैरे. ‘माझ्याकडे सुशासनाचा अनुभव आहे’ हे निवडणुकीच्या पत्रकातलं वाक्य वाटतं. प्रशासनही नको, कारण त्याने ॲडमिन डोळ्यासमोर येतं, रजा, बदल्या, स्टेशनरी. नियमन म्हणाल तर ते रिझर्व्ह बँकेचं काम.

आपल्याकडे यासाठी जुना, वापरातला शब्द आहे तो म्हणजे कारभार. बँकेचा कारभार, संस्थेचा कारभार असं आपण रोज म्हणतो. आता पेपरात त्याच्यामागे ‘भोंगळ’ लागून येतो ही त्या बिचाऱ्या शब्दाची चूक नाही, आणि बारभाईचा कारभार म्हणजे सावळागोंधळ असं म्हणताना आपण विसरतो की नारायणरावाच्या खुनानंतर राज्य सांभाळलं ते त्या बारभाईंनीच, आजच्या भाषेत ते एक मंडळच होतं.

पण नुसता कारभारही पुरत नाही, आणि खरी गोम इथे आहे. कारभार करणं वेगळं, कारभारावर देखरेख ठेवणं वेगळं. बाबांनी आयुष्यभर पहिलं केलंय आणि मंडळाला हवंय बरंचसं दुसरं. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने १०० कोटी आणि त्याहून जास्त ठेवी असलेल्या नागरी बँकांना निवडून आलेल्या संचालक मंडळाच्या जोडीला हे वेगळं व्यवस्थापन मंडळ नेमायला लावलं, आणि त्यात बँकिंग, हिशेब, कायदा, सहकार अशा विषयांची खास जाण आणि प्रत्यक्ष अनुभव असलेली माणसं हवीत असं सांगितलं. त्यांनी कर्जप्रस्ताव पाहायचे, वसुलीबद्दल शिफारस करायची, अंतर्गत तपासणी आणि नियंत्रणं नीट चालताहेत ना ते बघायचं. (परिचयात ‘संचालक मंडळ’ आणि ‘व्यवस्थापन मंडळ’ यांची अदलाबदल अजिबात होऊ देऊ नका, दोन्ही वेगळी आहेत, नेमकी तिथेच भलेभले घसरतात.)

म्हणून क्रियापदं बदला. ‘कर्जं मंजूर केली, वसुली वाढवली’ हा कारभार झाला. ‘मोठ्या थकीत खात्यांचा आढावा दर तीन महिन्यांनी संचालक मंडळाच्या समितीपुढे मांडला, तपासणी अहवालातले आक्षेप किती दिवसांत मिटले त्याचा हिशेब ठेवला’ ही देखरेख झाली. दोन्ही कामं बाबांनी केली असणार, फक्त दुसरं कोणी कधी लिहून ठेवत नाही. त्यांना विचारा, कुठल्या समित्यांपुढे बसायचात, कुठला प्रस्ताव परत पाठवलात. नाही म्हटल्याचं एक उदाहरण दहा वेळा ‘यशस्वीरीत्या पार पाडली’ लिहिण्यापेक्षा भारी पडतं.

आता जबाबदारीचं. हा शब्द फार जपून वापरायचा. इंग्रजीवरून उतरवताना लोक सर्रास ‘ते ९०० कोटींच्या कर्जांना जबाबदार होते’ असं लिहितात, आणि मराठी माणूस वाचतो की ९०० कोटी यांनीच बुडवले! ‘-ला जबाबदार’ म्हटलं की आपल्याकडे कायम काहीतरी बिघडलेलं असतं, अपघाताला जबाबदार, नुकसानीला जबाबदार. ‘-ची जबाबदारी त्यांच्याकडे होती’ लिहा, प्रश्न मिटला. तसा शब्द मुळात सुंदर आहे, जबाब म्हणजे उत्तर, जबाबदार म्हणजे ज्याला उत्तर द्यावं लागतं तो, म्हणजे गव्हर्नन्सचा अर्धा अर्थ त्यातच आला. त्यामुळे जबाबदारी कुणापुढे होती तेही लिहाच, ‘थेट कार्यकारी संचालकांना अहवाल देत’ एवढे पाच शब्द पुरतात.

व्याप्ती सांगताना ‘व्याप’ आणि ‘उलाढाल’ दोन्ही बरे शब्द आहेत पण एकवचनात. ‘५०० कोटींची उलाढाल’ ठीक, ‘बऱ्याच उलाढाली केल्या’ म्हणजे माणूस भानगडबाज. आकडे तीनच द्या, शाखा, माणसं, रक्कम, आणि कुठल्या वर्षाचे ते सांगा, नाहीतर दुप्पट झालेल्या ठेवी बाबांच्या आधीच्या की नंतरच्या ते कळत नाही.

नोकऱ्या काढायचं म्हणाल तर इथे ‘गाळणं’ आणि ‘वगळणं’ यातला फरक बघा. वगळतो ते ठरवून, गाळलेली जागा मात्र वाचणाऱ्याला दिसते, शाळेतली ‘गाळलेल्या जागा भरा’ आठवा. परिचय २००८ पासून सुरू झाला आणि वयाच्या रकान्यात ६३ असेल तर पहिला प्रश्न येणार की आधीची वीस-बावीस वर्षं हे कुठे होते. म्हणून वर्षं काढू नका, पदं काढा. समजा बाबा १९८५ ला क्लार्क लागले, १९९० ला ऑफिसर, मग तीन शाखा, एक प्रादेशिक कार्यालय, २००८ ला सहायक महाव्यवस्थापक, मग उपमहाव्यवस्थापक आणि २०१७ ला महाव्यवस्थापक. सध्याच्या मसुद्यात या सगळ्याला अर्धं पान गेलं असेल. त्याऐवजी असं:

‘महाव्यवस्थापक या नात्याने २०१७ ते २०२२ या काळात ११० शाखांच्या कर्ज विभागाची आणि थकीत कर्जांच्या वसुलीची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मोठ्या थकीत खात्यांचा तिमाही आढावा ते संचालक मंडळाच्या समितीपुढे मांडत. त्याआधी २००८ पासून सहायक आणि उपमहाव्यवस्थापक म्हणून अंतर्गत तपासणी विभाग पाहिला. बँकिंगचा एकूण अनुभव ३७ वर्षांचा, सुरुवात शाखा पातळीवरून.’

शेवटचे तीन शब्द ठेवाच. आधीच्या सगळ्या नोकऱ्या त्यात मावल्या, लपवलं काहीच नाही, आणि सहकारी बँकेत काउंटरवर बसलेला माणूस म्हणजे कमीपणा नाही उलट सभासदांना तो जवळचा वाटतो. मात्र ही सूट फक्त परिचयाला. पात्रतेच्या घोषणापत्रात जे जे विचारलंय ते सगळं भरायचं, तिथे आपल्या सोयीने काही वगळता येत नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचं प्रकरण असतं तर सेबीच्या नियमांनी गेल्या तीन वर्षांत राजीनामा दिलेल्या नोंदणीकृत कंपन्यांची नावंही सभेच्या नोटिशीत द्यावी लागली असती, म्हणजे तिकडे जुनं क्लार्कपद गेलं तर चालतं, कालची सोडलेली खुर्ची नाही.

आणि दोन किरकोळ. वरच्या नमुन्यात बघा, ‘ते होते, ते होते’ टाळलंय. मराठीत एखाद्याबद्दल ओळीने पाच भूतकाळी वाक्यं आली की श्रद्धांजली वाटते, त्यामुळे परिचयाचं पहिलं वाक्य तरी वर्तमानात घ्या, सध्या कुठे सल्ला देतात, काय शिकवतात ते. आणि वर ‘बायोडेटा’ लिहू नका हो, मंडळातले निम्मे लोक पत्रिका शोधतील.