चिडलेले कॉल घेणाऱ्या टीमसाठी म्हणी

प्रश्न: आमच्या कस्टमर सपोर्ट टीमसाठी संयम ठेवणं आणि बोलणं मनाला न लावून घेणं यावर काही मराठी म्हणी, सुविचार सुचवाल का? बोर्डवर लावायचेत.

मी बँकेच्या कॉल सेंटरला टीम लीड आहे, माझं मत असं की दोन-तीनच लावा, पण कॉलमध्ये नेमकी कुठे आठवायची तेही पोरांना सांगा.

पहिली, वड्याचं तेल वांग्यावर. आमच्याकडे नेहमी येणारा कॉल म्हणजे एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून चार हजार कट झाले, त्यात ब्रँचमधून त्याला कस्टमर केअरला फोन करा म्हणून परत पाठवलेलं असतं, मग फोन लागल्या लागल्या "तुम्ही सगळे चोर आहात" सुरू. त्यातलं "तुम्ही" म्हणजे मशीन, ब्रँच, बँक सगळंच, फोनवर तुम्ही सापडलात एवढंच.

दुसरी, शब्दाने शब्द वाढतो. ही लावाच. चोर म्हटल्यावर नवीन मुलगी "सर, नीट बोला" म्हणते आणि इथेच कॉल हातातून जातो, पुढची पाच मिनिटं भांडण त्या वाक्यावर, चार हजार राहिले बाजूला. त्याचं बोलून होईपर्यंत मध्ये बोलायचं नाही, पण म्युट टाकून गप्पही बसायचं नाही, पलीकडून "हॅलो, आहात का" आलं की समजा राग वाढला. मधूनमधून "हो, ऐकतेय" पुरतं. तो दम घ्यायला थांबला की सॉरीची रांग न लावता रक्कम, तारीख, एटीएम वाचून दाखवायचं, आवाज तिथे खाली येतो बघा.

तिसरी, दुधाने तोंड भाजलं की ताकही फुंकून पितात. ही दुसऱ्या-तिसऱ्यांदा फोन करणाऱ्यांसाठी. त्यांना आधी कुणीतरी "24 तासांत होईल" सांगून मोकळं झालेलं असतं, म्हणून तुमच्यावरही विश्वास नाही. त्यांना नियम सांगा: रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या परिपत्रकाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत पैसे परत यायला हवेत, पुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये, तेही ग्राहकाने न मागता. आणि तक्रार नंबर लिहून घ्यायला लावा.

"हत्ती चालतो, कुत्री भुंकतात" मात्र लावू नका हो, खूप ठिकाणी बघितलीय. अडकलेल्या पैशासाठी ओरडणाऱ्या माणसाला कुत्रा म्हणायचं आणि मग फोनवर गोड बोलायचं, ते आवाजात कळतंच.

आणि आईबहिणीवरून शिवी आली तर यातली एकही म्हण लागू नाही. एकदा वॉर्निंग, मग सुपरवायझरकडे ट्रान्सफर, आणि त्या मुलीला पुढचा कॉल लगेच देऊ नका, पाणी पिऊन येऊ द्या.