शेगडीचं बटण, आमचे भाऊजी आणि ‘मध्यम साइज’

प्रश्न: घरातल्या जुन्या उपकरणाचा एक छोटा भाग तुटलाय. त्यावर नंबर नाही, कंपनी कधीच बंद झाली. दुसऱ्या शहरातल्या हार्डवेअरवाल्याला माप आणि आकार लिहून तसाच भाग मागवता येईल का? पत्रात नेमकं काय लिहायचं? नुसता फोटो पुरेल का?

फोटो पुरत नाही. फोटो पाठवून मोकळे होणाऱ्यांचा मला राग आहे आणि त्याला कारण आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांच्या वेळी मोबाइलचा फोटो नव्हता, पण वृत्ती हीच.

१९९९ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा चिपळूण तालुक्यात राहायचो. घरात दोन बर्नरची जुनी शेगडी होती. तिच्या एका बटणाला चीर गेली आणि ते दांडीवर नुसतंच गरगर फिरायला लागलं. महिनाभर आम्ही पकडीने गॅस चालू-बंद केला. गावात तसलं बटण मिळेना. भाऊजी मुंबईला एका कारखान्यात स्टोअरला होते, त्यामुळे मापांतलं आपल्यालाच कळतं असा त्यांचा समज. त्यांनी मुंबईच्या एका दुकानदाराला कार्ड टाकलं: ‘गॅस शेगडीचे बटण, काळे, मध्यम साइज, ४ नग, व्ही.पी.ने पाठवावे.’ संपलं पत्र.

व्ही.पी. आली. पैसे भरल्याशिवाय पोस्टमन पाकीट हातात देत नाही, म्हणून आधी पैसे मोजले. बटणं काळी होती, मध्यम होती आणि दांडीवर घट्ट बसलीही. भाऊजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. फक्त गॅस बंद केला की बटणावरची पांढरी रेघ वर यायच्या ऐवजी उजवीकडे आडवी यायची. भाऊजी म्हणाले, “त्यात काय वहिनी, आडवं म्हणजे बंद, एवढं लक्षात ठेवायचं.”

आता ही रेघ आडवी का येते ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. शेगडीतून जी दांडी बाहेर येते ती पूर्ण गोल नसते, तिची एक बाजू तासून सपाट केलेली असते. बटणाच्या मागच्या भोकालाही तशीच एक सपाट बाजू असते, म्हणून बटण एकाच पद्धतीने बसतं. पण गॅस बंद असताना दांडीची सपाट बाजू कुठे तोंड करून असते ते प्रत्येक बनावटीत वेगळं. कुठे वर, कुठे खाली. आमच्या शेगडीत ती डावीकडे होती. आलेल्या बटणांत सपाट बाजू रेघेच्या बरोब्बर विरुद्ध, म्हणजे खाली. ती डावीकडे न्यायची तर अख्खं बटण पाव वळसा फिरतं आणि रेघ उजवीकडे जाते. भोकाचं माप बरोबर असूनही बटण चुकीचं, ते असं.

आमच्या सासूबाईंना मोतीबिंदू. त्यांचा सगळा जन्म ‘उभं म्हणजे बंद’ यात गेलेला. एका संध्याकाळी दूध उतू गेलं आणि त्याने ज्योत विझली. त्यांनी वाकून बटण बघितलं, रेघ उभी होती, म्हणून बंदच आहे असं समजून फडक्याने शेगडी पुसत बसल्या. नव्या बटणावर उभी रेघ म्हणजे पूर्ण चालू! मी पडवीत वह्या तपासत होते, मला वास आला म्हणून निभावलं. आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, मग दारं-खिडक्या उघडल्या. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, त्यामुळे वरची खिडकी उघडून भागत नाही, दारच उघडावं लागतं. दिव्याच्या बटणाला हात लावू दिला नाही कोणाला.

त्या रात्री मी ती चारही बटणं बाजूला काढून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः पत्र लिहायला बसले. भाऊजी सुट्टीवर आलेले होतेच. “एवढ्याशा बटणासाठी दोन पानी पत्र? दुकानदार वाचणार पण नाही.” मी काही बोलले नाही.

पहिली गोष्ट मी ठरवली ती ही, की माप तुटलेल्या बटणाचं घ्यायचं नाही. चीर गेलेलं भोक पसरलेलं असतं, शिवाय आत एक स्प्रिंगची पातळ पत्ती असते, ती कधी बटणात राहते तर कधी दांडीला चिकटून राहते. आमच्या तुटक्या बटणाचं भोक नऊ मिलिमीटर भरत होतं आणि दांडी होती आठ. तुटका भाग ज्यावर बसतो तो धड असतो, त्याचं माप घ्या.

व्हर्निअर घरात कुठून असणार? मुलाच्या कंपासपेटीतून दोन गुण्या घेतल्या. पट्टीच्या कडेला दोन्ही गुण्या काटकोनात उभ्या धरायच्या, मधे दांडी घट्ट पकडायची आणि दोन गुण्यांमधलं अंतर पट्टीवर वाचायचं. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत खात्रीने कळतं. नुसती पट्टी गोल वस्तूवर ठेवून डोळ्यांनी वाचलं तर हमखास चुकतं, डोकं जरा हललं की माप हलतं.

मग जुन्या पोस्टकार्डाचा जाड तुकडा घेतला आणि ब्लेडने त्यात दांडीच्या आकाराचं भोक कोरत गेले. जरा कोरायचं, दांडीवर घालून बघायचं, परत जरा. शेवटी कार्ड दांडीवर सरकलं, पण हललं नाही. मग ते तसंच दांडीवर ठेवून, गॅस बंद आहे ना ते बघून, कार्डावर वरच्या बाजूला बाण काढला आणि ‘ही बाजू समोर, बाण वर’ असं लिहिलं. हे लिहायचं सुचलं ते योगायोगाने. आधी मी बटण उलटं करून मागून चित्र काढलं होतं आणि त्यात सपाट बाजू उजवीकडे येत होती. मागून बघितलं की डावं-उजवं फिरतं! तेच चित्र पाठवलं असतं तर परत चार चुकीची बटणं आली असती आणि भाऊजी जन्मभर हसले असते. तुम्ही जो फोटो पाठवणार आहात ना, तो बहुतेक मागूनच काढलेला असणार.

पत्र साधारण असं होतं:

‘शेगडीच्या दांडीचे माप देत आहे, बटणाचे नाही. दांडी गोल, एक बाजू सपाट. गोल भागाची जाडी ८ मिमी. सपाट बाजूपासून समोरच्या गोलाईपर्यंत साडेसहा मिमी. दांडी पत्र्याबाहेर १८ मिमी येते. शेगडीसमोर उभे राहून पाहता, गॅस बंद असताना सपाट बाजू डाव्या हाताला आहे, आणि त्या वेळी बटणावरची रेघ वर यायला हवी. सोबत कोरलेले कार्ड आहे. बटण दाबून फिरवायचे आहे, दाबल्यावर दांडी ३ मिमी आत जाते, म्हणून बसल्यावर बटण व पत्रा यांत ४ मिमी तरी मोकळे हवे. बटणाची रुंदी ४५ मिमीपर्यंत चालेल, त्याहून मोठे नको. रंग व नक्षी कोणतीही चालेल. सपाट बाजू जुळत नसेल तर पाठवू नये.’

शेवटची दोन वाक्यं सगळ्यात कामाची. दुकानदाराकडे हुबेहूब तसं बटण नसतंच. त्याच्याकडे त्याच्यासारखी दहा असतात आणि त्यातलं कुठलं द्यायचं हे तो ठरवतो. कशात तडजोड चालेल आणि कशात नाही हे तुम्ही सांगितलं नाही तर तो रंग जुळवतो, कारण भाऊजींनी त्याला तेवढाच सांगितला होता.

मोकळ्या जागेचंही सांगते. बटणाची मागची कड लांब असली आणि ती पत्र्याला टेकली, तर बटण दाबलंच जात नाही, आणि दाबल्याशिवाय ते फिरत नाही. याहून वाईट म्हणजे कड पत्र्याला घासून अडकली तर बटण दाबलेलंच राहतं, मग नुसता धक्का लागूनही फिरू शकतं.

आंतरदेशीय पत्रात आत काही घालता येत नाही, म्हणून पाकिटातून पाठवलं. दहा-बारा दिवसांत व्ही.पी. आली. चार तपकिरी बटणं, जुन्यापेक्षा लहान, दिसायला अगदी साधी, आणि गॅस बंद केला की रेघ सरळ वर. कार्डही त्याने परत पाठवलं होतं. दुकानदार पत्र वाचतो, भाऊजी, वाचण्यासारखं असलं तर.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. बटण मुळात तुटतं ते बहुतेक वेळा आतला कॉक, म्हणजे गॅस चालू-बंद करणारी तोटी, जड झाल्यामुळे. त्यातलं ग्रीस वाळतं, आपण जोर लावतो आणि सपाट बाजूजवळ बटण सगळ्यात पातळ असतं, तिथे चिरतं. आम्ही नवं बटण बसवायच्या आधी मेकॅनिककडून कॉक साफ करून त्यात त्याच कामाचं ग्रीस भरून घेतलं. घरचं तेल घालू नका, ते वाळून आणखी चिकटतं. आणि माप लिहून मागवायचं ते फक्त बटण. कॉक, नळी, रेग्युलेटर हे असं पत्रावर मागवायचे भाग नाहीत, ते एजन्सीकडूनच घ्या.

तुमचा भाग कशाचा ते तुम्ही लिहिलेलंच नाही. मिक्सरचा कपलर असेल तर दात मोजून लिहा. दात विषम असतील, पाच किंवा सात, तर एका दातासमोर दुसरा दात नसतो आणि आरपार घेतलेलं माप कमी भरतं. तेव्हा कपलरच्या बरोबर मध्यापासून एका दाताच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा आणि त्याची दुप्पट करा. कपलर आट्यांवर बसणारा असेल तर मिक्सर कुठल्या दिशेने फिरतो तेही लिहा. आटे असे पाडलेले असतात की चालताना कपलर आवळत जावा, त्यामुळे मोटर ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने तो फिरवला की सुटतो. उलटीकडे जोर लावलात तर तो आणखी आवळेल. फोटो काढायचाच तर शेजारी पट्टी ठेवा, मोबाइल बरोबर वरून धरा आणि फोटो समोरून आहे की मागून ते फोटोखाली लिहा.

ती पहिली चार काळी बटणं अजून माझ्याकडे आहेत. भाऊजी आले की मी ती चहाच्या ट्रेमध्ये ठेवते.