शंभर रुपयेवाली ओळ डिलीट केली होती आम्ही

प्रश्न: सोलापूरला आमच्या कॉलेजात डेटा सायन्स क्लब सुरू होतोय, उद्घाटनाला मला पाच मिनिटं बोलायचंय. टूल्सपेक्षा कुतूहल महत्त्वाचं असं मांडायचंय पण गुळगुळीत वाटायला नको. काय बोलू?

सोलापूर दिसलं म्हणून लिहितोय, नाहीतर भाषणाबिषणाच्या प्रश्नांकडं मी फिरकत नाही. आणि हे माझं जुनं दुखणं आहे, त्यामुळं लांबणार.

फायनल इयरला, २०२३-२४ ला, आमचा चौघांचा प्रोजेक्ट होता, सोलापूर मार्केट यार्डातल्या कांद्याचा उद्याचा भाव आज सांगायचा. डेटा अ‍ॅगमार्कनेटचा, म्हणजे बाजार समित्यांचे भाव देणाऱ्या सरकारी साइटचा, रोजची आवक, किमान भाव, कमाल भाव आणि मोडल, म्हणजे बहुतेक माल ज्या भावानं गेला तो. पहिल्याच मीटिंगला गाईड सरांनी विचारलं, "मॉडेल कुठलं लावणार?" डेटात काय आहे हे त्यांनी विचारलं नाही आणि खरं सांगायचं तर आम्हीपण बघितलं नव्हतं. एलएसटीएम, म्हणजे मागच्या आकड्यांच्या क्रमावरून पुढचा आकडा सांगणारं न्यूरल नेटवर्क, लावायचं ठरलं, कारण बाजूच्या ग्रुपनं लावलेलं. दीड महिना त्यातच गेला, लेयर वाढव, लेयर कमी कर, कुणाचा लॅपटॉप तापतोय, कुणाचं कोलॅब बंद पडतंय. शेवटी ग्राफ असा आला की खऱ्या भावाची रेघ आणि आमची रेघ एकावर एक, आर स्क्वेअर ०.९६, जो १ च्या जितका जवळ तितका अंदाज चांगला समजतात. सर खूश, आम्ही तर काय विचारू नको.

माझा मामा यार्डात एका अडतीवर दिवाणजी आहे, पट्ट्या लिहितो, म्हणजे शेतकऱ्याच्या विकलेल्या मालाचा हिशोब. रविवारी घरी आलेला, जेवता जेवता लॅपटॉप दाखवला. डाव्या हातानं चष्मा वर करून बघितलं आणि म्हणला, "हे तर रोज एक दिवस मागंच चाललंय की रे."

झूम केलं तर तसंच होतं. समज सोमवारी भाव क्विंटलला १५०० रुपये, मंगळवारी १५५०, बुधवारी एकदम १२००, गुरुवारी १२५०. आमचं मॉडेल मंगळवारसाठी साधारण १५०० सांगायचं, बुधवारसाठी १५५०, गुरुवारसाठी १२००. म्हणजे कालचा भाव आज वाचून दाखवायचं. कांद्याचा भाव बहुतेक दिवशी कालच्या जवळपासच असतो, त्यामुळं दोन वर्षांच्या ग्राफवर रेघा चिकटलेल्याच दिसणार आणि आर स्क्वेअरपण झकास येणार. ज्या दिवशी भाव पडतो, शेतकऱ्याला ज्या दिवसाची गरज असते, नेमका तोच दिवस चुकणार. त्याच रात्री हे चालवलं:

```python
naive = df['modal_price'].shift(1)
print((df['modal_price'] - naive).abs().mean())
```

बास, इतकंच. आजचा भाव आहे तसा उद्याचा म्हणून सांगायचा आणि सरासरी किती चुकतोय ते बघायचं. आमच्या एलएसटीएमपेक्षा हे दोन ओळींचं कमी चुकत होतं. दीड महिना बे!

पण खरी लाज वेगळ्या ओळीची वाटते. डेटा साफ करताना आम्ही हे टाकलं होतं:

```python
df = df[df['min_price'] > 200]
```

काही दिवशी किमान भाव १०० दिसत होता. क्विंटलला १०० म्हणजे किलोला एक रुपया. आम्ही म्हणलं असला भाव असतो का कुठं, टायपिंग मिस्टेक असणार, उडव. मामाला सहज विचारलं तर तो हसला पण नाही. म्हणला, "दोन रुपयाचा चेक विसरलास काय?"

फेब्रुवारी २०२३ ची गोष्ट, पेपरात सगळीकडं आलेली. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं आपल्याच यार्डात ५१२ किलो कांदा विकला, किलोला एक रुपया भाव लागला, ५१२ रुपये झाले. त्यातून मोटारभाडं, हमाली, तोलाई असं करून सुमारे ५०९.५० रुपये वजा, उरले अडीच रुपये, वरचे पैसे सोडून हातात २ रुपयांचा चेक, तोही पुढच्या तारखेचा. माल हलका होता असं व्यापाऱ्याचं म्हणणं. म्हणजे क्विंटलला १०० हा भाव खरा होता, आणि आमची ती एक ओळ बरोबर असल्याच माणसाला डेटातून हाकलत होती.

मग मामानं पट्टीचा हिशोब समजावला, तो मला चार वर्षांत कुणी शिकवला नाही. भाडं, हमाली, तोलाई हे गोणीवर नाहीतर वजनावर लागतं, भाव पडला म्हणून ते उतरत नाही. त्या चेकच्या पट्टीत खर्च किलोला जवळजवळ एक रुपया पडलाय. भाव एकाऐवजी दोन रुपये असता तर हातात २ च्या जागी ५१४ आले असते. आता मॉडेल क्विंटलला १०० रुपयांनी चुकलं म्हण. भाव १५०० असताना कुणाला पत्ताही लागत नाही, भाव १०० असताना तेवढ्यातच सगळं संपतं. सरासरी चूक या दोन्हीला एकच मोजते. आणि मोडल भावात गोल्टी, चिंगळी असला बारीक कांदा, मोड आलेला माल दिसतच नाही, म्हणजे आम्ही ज्याचा अंदाज काढत होतो तो भाव त्या शेतकऱ्याचा नव्हताच.

सरांना सगळं सांगितलं. म्हणाले, "आता बदलू नका, रिव्ह्यू जवळ आलाय, एलएसटीएमच ठेवा, एक्स्टर्नलला बरं दिसतं." ठेवलं. मार्क चांगले पडले. अजून राग येतो, थोडा सरांचा आणि जास्त स्वतःचा.

हां, भाषण. सुरुवात साधारण अशी कर, तुझ्या शब्दात:

"कांद्याच्या भावाच्या डेटात एक ओळ आहे, किमान भाव १०० रुपये क्विंटल. पायथनला ती एका सेकंदात उडवता येते. उडवण्याआधी किती जण विचाराल की हा भाव कुणाला मिळाला? आपल्या क्लबात पहिल्या महिन्यात कुणी मॉडेल लावायचं नाही. प्रत्येकानं एक डेटासेट आणायचा आणि त्यातल्या सगळ्यात विचित्र दहा ओळी घेऊन, तो डेटा जिथं तयार होतो तिथल्या माणसाला जाऊन विचारायचं. यार्डातला दिवाणजी चालेल, टॉवेलच्या कारखान्यातला जॉबर चालेल, एसटी डेपोतला कंट्रोलर चालेल."

मग दोन रुपयाच्या चेकचा हिशोब फळ्यावर कर, पीपीटी नको. ५१२ वजा ५०९.५० सगळ्यांना जमतं. पाच मिनिटांत एवढंच बसेल. स्लाइडवर टूल्सचे लोगो लावू नको प्लीज, आमच्या क्लबच्या उद्घाटनाला बारा लोगो होते आणि वर्षभरात एकही प्रोजेक्ट झाला नाही.

एक सांगायचं राहिलं, नाहीतर कमेंटमध्ये धुलाई होईल. टूल्स बिनकामाचे असं म्हणत नाहीये मी. shift(1) येत होतं म्हणून मामाचं म्हणणं रात्रीत तपासता आलं, नाहीतर ते नुसतं बोलणंच राहिलं असतं. एलएसटीएमपण वाईट नाही, आवक, पाऊस, सरकारी निर्णय हे सगळं दिलं असतं तर कदाचित काहीतरी शिकलं असतं. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली आणि भाव घसरला, तेव्हा आमच्याकडं असला कॉलमच नव्हता, आणि आमचा एक जण म्हणत होता इपॉक, म्हणजे ट्रेनिंगच्या फेऱ्या, वाढवून बघू. आणि १०० ची प्रत्येक ओळ खरीच असते असंही नाही, कधीकधी खरंच शून्य खाल्लेलं असतं. त्या दिवसाची आवक, कमाल भाव आणि आजूबाजूचे दिवस बघायचे, तरी कळलं नाही तर विचारायचं.

भाषणाच्या आधी एकदा लिलावाच्या वेळी हैदराबाद रोडला यार्डात जाऊन ये. एखाद्या दिवाणजीकडं जुनी पट्टी माग, नाव झाकून फोटो काढू देतात. गर्दीत बाइक आत नेऊ नको.