पीपीटीवरून टेंडरच्या प्रश्नावलीची उत्तरं कशी लिहावीत?

प्रश्न: "मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत नवीन लागले आहे. कंपनीची ओळख करून देणारी २२ स्लाइडची पीपीटी हातात दिली आणि टेंडरच्या प्रश्नावलीची उत्तरं त्यावरून तयार करायला सांगितली. साहेब म्हणाले, पीपीटीत आहे तेवढंच लिही, पदरचं काही घालू नकोस. पण प्रश्न वेगळेच आहेत आणि स्लाइडवर त्रोटक मजकूर आहे. सुरुवात कुठून करू?"

उत्तर: साहेबांनी घातलेली अट रास्त आहे. मी रबाळे एमआयडीसीत टेंडरचंच काम बघतो, आणि माझ्या मते या कामातला खरा धोका स्लाइडवरचा मजकूर उतरवून घेताना नसतो, वाक्य "पूर्ण" करण्याच्या वेळी असतो. स्लाइडवर चार शब्द असतात आणि उत्तराच्या चौकटीत चार ओळी मावतात. ती मोकळी जागा भरताना दावा नकळत फुगतो.

म्हणून प्रश्नावली आधी उघडू नका. एक्सेलमध्ये पीपीटीची नोंदवही करा. प्रत्येक दाव्याला एक ओळ: स्लाइड क्रमांक, स्लाइडवरचं वाक्य जसंच्या तसं, आणि ते कुठल्या तारखेपर्यंतचं आहे. तारीख नसेल तर "तारीख नाही" असंच लिहा. हे करताना पीपीटी स्वतःशीच कुठे भांडते तेही दिसतं. समजा, स्लाइड ४ वर "१५ वर्षांहून अधिक अनुभव" आहे आणि स्लाइड २० वर "स्थापना २०१२". २०२५ च्या टेंडरला हे जुळत नाही. कदाचित तो अनुभव संस्थापकांचा असेल. कंपनीचा अनुभव विचारला असेल, तर साहेबांकडून खुलासा येईपर्यंत दोन्हीपैकी काहीच लिहू नका.

मग प्रश्नाकडे वळा. प्रत्येक प्रश्नात तीन गोष्टी शोधा: कोणाबद्दल विचारलंय, कोणत्या काळाबद्दल, आणि कोणत्या एककात. एक उदाहरण सविस्तर घेऊ, आकडे समजायला सोपे ठेवलेत.

पंपिंग स्टेशनचं टेंडर आहे, अंदाजित रक्कम १ कोटी ६० लाख, जाहिरात जून २०२५ ची. प्रश्न असा: "मागील सात वर्षांत पूर्ण केलेल्या समान स्वरूपाच्या कामांचा तपशील द्या." केंद्रीय दक्षता आयोगाच्या २००२ च्या परिपत्रकातली पात्रतेची चौकट बऱ्याच सरकारी टेंडरांत वापरली जाते: अंदाजित रकमेच्या किमान ४० टक्क्यांची तीन कामं, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचं एक. सात वर्षं मोजायची ती जाहिरातीच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत. म्हणजे इथे १ जून २०१८ ते ३१ मे २०२५. रकमा निघतात ६४ लाखांची तीन, ८० लाखांची दोन किंवा १ कोटी २८ लाखांचं एक काम. तुमच्या टेंडरमध्ये टक्के वेगळे असतील तर अर्थातच तेच धरायचे.

आता पीपीटी. स्लाइड ९ म्हणते, "४० हून अधिक पंपिंग स्टेशन प्रकल्प". हे इथे निरुपयोगी आहे, कारण यात रक्कम नाही, वर्ष नाही, पूर्ण झालं की चालू आहे तेही नाही. स्लाइड ११ वर तीन कामं आहेत: पहिलं ९२ लाखांचं, "२०२१ मध्ये कार्यान्वित", दुसरं ८५ लाखांचं, "पूर्ण", पण साल नाही, तिसरं ७० लाखांचं, "प्रगतिपथावर".

तिसरं काम गळालं, कारण प्रश्न पूर्ण झालेल्या कामांचा आहे. तीन कामांचा मार्ग त्यामुळे बंद झाला. एका कामाचा मार्ग रकमेमुळे बंद आहे. उरला दोन कामांचा, आणि तो ८५ लाखांचं काम कधी संपलं यावर टांगलेला आहे. तुमच्या मसुद्यात एवढंच यायला हवं:

"१) पंपिंग स्टेशन, ९२ लाख रुपये, २०२१ मध्ये कार्यान्वित – स्लाइड ११. २) पंपिंग स्टेशन, ८५ लाख रुपये, पूर्ण – स्लाइड ११. पूर्णत्वाची तारीख: पीपीटीत नाही, प्रकल्प विभागाकडून हवी."

इथे "अलीकडेच पूर्ण" किंवा "यशस्वीरीत्या पूर्ण" लिहिण्याचा मोह होतो. दोन्ही शब्द स्लाइडवर नाहीत, आणि पहिल्याने तर पात्रताच ठरते. प्रकल्प विभागाने कम्प्लिशन सर्टिफिकेट काढून दिलं आणि त्यावर ऑगस्ट २०१९ असेल, तर काम मुदतीत बसलं. एप्रिल २०१८ निघालं, तर नाही बसलं, आणि मग हे टेंडर भरायचं की नाही हा साहेबांचा निर्णय. तारीख मिळाली की आधाराच्या रकान्यात "स्लाइड ११" सोबत "कम्प्लिशन सर्टिफिकेट" लिहा. बाहेरून आलेली माहिती स्लाइडच्या नावावर खपवू नका, नाहीतर पुढच्या टेंडरला कोणी स्लाइड उघडेल आणि तिथे ती सापडणार नाही. त्याच वेळी हेही विचारून घ्या की ९२ लाख ही आपल्या वर्क ऑर्डरची रक्कम आहे की पूर्ण प्रकल्पाची. आपण उपकंत्राटदार असू, तर या दोन आकड्यांत मोठा फरक पडतो.

दुसरी घसरण्याची जागा म्हणजे सेवेचे प्रश्न. स्लाइड म्हणते, "२४ तास सेवा, अनुभवी अभियंते". प्रश्न विचारतो, "बिघाडानंतर किती तासांत अभियंता पोहोचेल? ५० किलोमीटरच्या आत किती अभियंते नियुक्त आहेत?" स्लाइडवर फोन किंवा माणूस चोवीस तास उपलब्ध असल्याचं कळतं, पोहोचण्याची वेळ कळत नाही. ठाणे-बेलापूर रोडवरून जवळ आहे म्हणून "चार तास" लिहिलंत, तर काम मिळाल्यावर तोच आकडा करारात येऊन दंडाचा आधार बनू शकतो. तो आकडा सर्व्हिसच्या प्रमुखांनीच द्यायचा, तोही लेखी. ग्राहकांच्या लोगोंच्या स्लाइडचंही तसंच: लोगोवरून ग्राहक कळतो, त्याच्याकडे काय काम केलं ते कळत नाही. आयएसओचा लोगो असेल तर सर्टिफिकेटच मागवा आणि त्यावरचा पत्ता, कामाची व्याप्ती आणि मुदत वाचा. सर्टिफिकेट ठाण्याच्या ऑफिसचं आणि उत्पादन रबाळ्यात, असं असू शकतं.

साहेबांना रिकाम्या जागा आवडणार नाहीत. त्यांना यादी वेगळी काढून द्या: प्रश्न क्रमांक, नेमकं काय हवं, कोणाकडून, कधीपर्यंत. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम १७५ टेंडरमध्ये खोटी माहिती देणं सचोटीच्या संहितेचा भंग मानतो, हेही सांगायला हरकत नाही. पण माझा अनुभव असा की नेमकी यादी दिली की साहेब लोक स्वतःच फोन लावतात.

मसुदा झाल्यावर ज्याने तो लिहिलेला नाही अशा कोणाला तरी फक्त पीपीटी आणि मसुदा द्या. त्याने प्रत्येक आकडा आणि प्रत्येक क्रियापद स्लाइडशी ताडून बघावं. "करू शकतो" चं "केलं आहे" झालंय का, "पर्यंत" गळालंय का, "सर्व", "नेहमी", "हमी" हे शब्द कुठून आले, एवढं बघितलं तरी बहुतेक गोष्टी सापडतात.

अपलोड करायच्या प्रतीतून स्लाइड क्रमांक काढून टाका. पीपीटी सोबत जोडली नसेल तर तपासणाऱ्याला "स्लाइड ११" कळणार नाही, त्याला जोडपत्राचा पान क्रमांक हवा असतो. क्रमांकांसह मसुदा आणि पीपीटीची तीच आवृत्ती एका फोल्डरमध्ये तुमच्याकडे ठेवा. आणि टेंडरमधलाच एखादा शब्द संदिग्ध असेल, उदाहरणार्थ "समान स्वरूपाचं काम" म्हणजे काय, तर तो आजच वेगळा काढा. त्याचा खुलासा प्री-बिड शंकांच्या मुदतीतच मागता येतो, आणि ती मुदत बिड भरण्याच्या तारखेच्या बरीच आधी संपते.