cos x ने भागलं आणि दोन उत्तरं गायब झाली

अरे, पोराने दिलेल्या सोल्यूशनचा तू पाठवलेला फोटो पाहिला. दहा स्टेप्स, प्रत्येकीला कारण, शेवटी "पडताळा: उत्तर बरोबर", आणि तू विचारतोयस की यात चूक कुठेय, मला तर दिसतच नाही. पहिल्यांदा मलाही दिसली नव्हती, खोटं कशाला बोलू.

गणित होतं sin 2x = cos x, 0° ते 360° मधल्या सगळ्या किमती काढा. सोल्यूशनमध्ये आधी 2 sin x cos x = cos x लिहिलंय, इथपर्यंत ठीक. मग "दोन्ही बाजूंना cos x ने भागून" sin x = 1/2, म्हणजे x = 30° आणि 150°. आता गंमत बघ, 30° टाकलं तर sin 60° आणि cos 30° दोन्ही 0.866 येतात, 150° टाकलं तर दोन्हीकडे उणे 0.866, म्हणजे पडताळा शंभर टक्के खरा! पण 90° टाकून बघ, sin 180° शून्य, cos 90° पण शून्य. 270° ला पण तेच. चारपैकी दोन उत्तरं त्या भागाकारात गेली, कारण cos x शून्य असू शकतो हे कुणी विचारलंच नाही. cos x कॉमन काढून cos x (2 sin x − 1) = 0 लिहिलं असतं तर चारही आली असती.

पडताळा फक्त सापडलेल्या उत्तरांचा होतो, हरवलेल्यांचा नाही. उलटी केस म्हणजे √(x+7) = x − 5. वर्ग केला की x² − 11x + 18 = 0, x = 2 आणि 9, पण 2 टाकलं तर डावीकडे 3 आणि उजवीकडे उणे 3, तिथे पडताळा लगेच चोर पकडतो. म्हणून असं सोल्यूशन वाचताना आकडेमोड नंतर बघ, आधी भागाकार आणि वर्ग कुठे केलाय तिथे बोट ठेव. भागलंय तर "शून्य नसेल तर" असं लिहिलंय का बघ. नसेल आणि बाकी सगळं गुळगुळीत असेल तर ते एआयचं असावं अशी मला शंका येते. अशा सोल्यूशनमध्ये बऱ्याचदा साध्या पायऱ्यांना लांबलचक कारणं असतात आणि जिथे अट हवी तिथेच "सोपं रूप देऊन" म्हणून पुढे पळतात. ग्राफ काढायचा कंटाळा नको करूस, sin 2x आणि cos x दोन्ही कच्चे काढले तरी चार ठिकाणी छेदतात हे दिसतं.

पण एवढ्यावरून पोराला "एआयवरून उतरवलंस" असं म्हणू नकोस हं, cos x ने भागायची चूक आमच्या बॅचमध्ये निम्मी पोरं करायची, तेव्हा कुठला एआय. त्याला जवळ बसवून फक्त विचार, "cos x शून्य असेल तर?" स्वतः केलेला पोरगा स्वतःच्या त्या ओळीवर परत जातो, कपाळावर हात मारतो. उतरवलेल्याला बऱ्याचदा ती ओळ कुठली हेच शोधावं लागतं.