टचपॅडची चकाकी: तेल की झीज, ते आधी ठरवा

*प्रश्न: लॅपटॉप चार वर्षं जुना, काळ्या प्लास्टिकचा. टचपॅड मधोमध आरशासारखा चमकतो, माऊसची दोन्ही बटणंही तशीच. माऊसच्या बाजूच्या रबरात काळा चिकट मळ बसलाय. ओल्या कपड्याने पुसलं की थोडा वेळ बरं दिसतं, मग पुन्हा तेच. टूथपेस्ट किंवा तो पांढरा जादूचा स्पंज वापरून बघू का? दुरुस्तीवाला म्हणतो, टचपॅडच बदला.*

टूथपेस्ट आधी बाथरूममध्ये परत ठेवून या. मग पुढचं वाचा.

या चुकीत मीही एक चांगला टचपॅड कायमचा घालवलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मॅट प्लास्टिकवर साच्यातूनच आलेला बारीक खडबडीतपणा असतो, डोंगर-दऱ्यांसारखा. त्या डोंगरांवर पडलेला प्रकाश सगळीकडे विखुरतो म्हणून पृष्ठभाग मॅट दिसतो. तो चमकायला लागण्याची कारणं दोन. एक, दऱ्या तेलाने आणि मळाने भरल्या आणि वर सपाट थर तयार झाला. दोन, रोज तिथेच बोट घासून डोंगरांची टोकंच झिजून सपाट झाली. बघायला दोन्ही सारखंच. पहिलं धुऊन निघतं. दुसऱ्यात काढण्यासारखं काही उरलेलंच नसतं, कारण जे हवं होतं तेच गेलेलं असतं.

टूथपेस्टमध्ये दात घासायची बारीक पूड असते. जादूचा स्पंज म्हणजे मेलामाइनचा कडक फेस, थोडक्यात अतिशय बारीक पॉलिश पेपर. खायच्या सोड्याची पेस्टही त्याच जातीची. बोटाला जे करायला तीन-चार वर्षं लागतात ते या गोष्टी पाच मिनिटांत करतात. आणि फसवतात कशा, तर घासताना पांढरा फेस राखाडी होत जातो. आपल्याला वाटतं, वा, काय मळ निघतोय! थोडा मळ असतोही, पण मळ संपल्यावरही फेस राखाडीच येत राहतो, कारण आता प्लास्टिक किंवा वरचा रंग निघत असतो. वाळल्यावर बघावं तर चकाकीचा डाग आधीपेक्षा मोठा, आणि त्याची कड जिथपर्यंत घासलं तिथपर्यंत आखल्यासारखी.

टूथपेस्टचा दुसरा त्रास म्हणजे ती कडेच्या फटीत जाते. दाबून क्लिक होणारे बहुतेक टचपॅड वरच्या कडेला जोडलेले असतात आणि खालच्या बाजूने दबतात. म्हणजे खालची फट ही हलणारी जागा. तिथे पेस्ट जाऊन वाळली की क्लिक जड होतो किंवा एका कोपऱ्यात बसतच नाही. मग दुरुस्तीवाला नवीन भाग सांगतो. तुमच्या दुरुस्तीवाल्याने निदान पुसून तरी पाहिलं का, हे त्याला विचारा. नुसत्या चकाकीसाठी टचपॅड बदलायला सांगणं मला पटत नाही. क्लिक आणि कर्सर ठीक असेल तर तो भाग नादुरुस्त नाहीच.

तर आधी परीक्षा. लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला. टचपॅडच्या चमकणाऱ्या भागाचा अर्धाच तुकडा स्वच्छ करायचा, उरलेला तसाच ठेवायचा. यासाठी औषधाच्या दुकानात इंजेक्शनआधी त्वचा पुसायचे अल्कोहोल स्वॅब मिळतात ते उत्तम. वेष्टनावर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लिहिलेलं बघून घ्या. स्वॅब आधी टिश्यूत दाबून जादा ओल काढा, मग सात-आठ वेळा हलक्या हाताने पुसा. पाच मिनिटं वाळू द्या. आता खोलीतला दिवा मालवून मोबाइलचा टॉर्च टचपॅडला जवळजवळ समांतर धरा. शक्य तितक्या तिरक्या प्रकाशात पुसलेला अर्धा, न पुसलेला अर्धा आणि जिथे बोट कधीच जात नाही तो वरचा कोपरा, तिन्हींची तुलना करा. पुसलेला भाग कोपऱ्यासारखा दिसला तर ते तेल होतं. न पुसलेल्या भागासारखाच राहिला तर झीज. बहुधा उत्तर मधलं येतं: चकाकी बरीच कमी होते पण मधोमध एक लंबगोल उरतो. तो लंबगोल ही झीज, ती तशीच राहणार.

चार वर्षं वापरलेल्या काळ्या प्लास्टिकवर हेच मधलं उत्तर येईल असं मला वाटतं. पण पुसल्यावर थोडा वेळ बरं दिसतं असं तुम्ही म्हणता, त्यावरून तेलही भरपूर आहे. नुसत्या पाण्याने घामातलं मीठ निघतं. तेल निघत नाही, फक्त पातळ पसरतं. डोक्याला खोबरेल लावून तळहात टेकवायची किंवा कामाच्या जागी फरसाण खायची सवय असेल, तर रागावू नका, पण तेही बघा.

आता प्रत्यक्ष सफाई. क्रम महत्त्वाचा आहे: आधी कोरडं, मग साबण, शेवटी अल्कोहोल. उलट केलंत तर फटीतली कोरडी धूळ ओली होऊन चिखल होतो आणि आत सरकतो. म्हणून लॅपटॉप उभा किंवा तिरका धरा, फट जमिनीकडे. मऊ कोरड्या ब्रशने फटीच्या कडेने झाडा, मग जाड कागदाची कड फटीतून एकाच दिशेने ओढा. सुई, सेफ्टी पिन, ब्लेड नको. कागद अडला तर जोर करू नका.

साबणासाठी २०० मिली कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोनच थेंब. जास्त घातलेत तर साबणाचाच थर उरतो आणि तो पुन्हा चमकतो. मायक्रोफायबरचा कपडा बुडवून असा पिळा की मुठीत दाबला तरी थेंब पडू नये. आता कपडा नुसता फिरवला तर तो डोंगरांच्या टोकांवरून जातो, दऱ्या तशाच राहतात. म्हणून लहान मुलांचा अगदी मऊ टूथब्रश त्या कपड्यावर टेकवून जेमतेम ओला करायचा आणि छोट्या गोलाकार हालचालींनी, दाब न देता, एकेक तळहाताएवढा भाग घ्यायचा. लगेच दुसऱ्या, साध्या पाण्यात पिळलेल्या कपड्याने पुसायचं. कपड्यावर पिवळट-करडा मळ आला तर बरोबर चाललंय. लॅपटॉपच्याच रंगाचा काळा यायला लागला तर थांबा, रंग निघतोय. शेवटी स्वॅबने एकदा पुसा आणि दहा मिनिटं वाळू द्या. ओल्या टचपॅडवर कर्सर उड्या मारतो, कारण पाणी आणि मीठ त्याला बोटासारखंच जाणवतं. घाबरून दुरुस्तीला पळू नका.

काही गोष्टी निक्षून सांगतो. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन या प्लास्टिकला विरघळवतं, तिथे दुसरी संधी नाही. थिनर आणि पेट्रोलही नको. हँड सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असलं तरी जोडीला ग्लिसरीन आणि जेल असतं, ते मागे राहून धूळ धरतं. कुठलाही द्रव थेट टचपॅडवर फवारू नका, आधी कपड्यावर. मोठ्या बाटलीतलं ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल घेतलंत तर ७० भाग त्यात ३० भाग डिस्टिल्ड पाणी मिसळा. खिडकी उघडी ठेवा आणि जवळ गॅस, निरांजन, उदबत्ती नको. ते पेट घेतं. तळहाताखालच्या भागावर रंग किंवा छापील अक्षरं असतील तर आधी लॅपटॉपच्या पोटाकडे कोपऱ्यात करून बघा. आणि टचपॅड काचेचा असेल तर झिजेचा प्रश्न बराच कमी, तिथे साबण आणि स्वॅबवर काम भागतं. वॉरंटी चालू असेल तर कंपनीच्या सूचना आधी वाचा, माझं नंतर.

माऊसकडे येतो. बटणांचं गणित टचपॅडसारखंच. वायरचा असेल तर केबल काढा, बिनवायरचा असेल तर सेल काढा. बटण आणि अंगामधल्या खाचेतला मळ लाकडी टूथपिकने काढा, टोक आधी दाबून बोथट करून. माऊस उलटा धरून काढा, म्हणजे पडलेलं बाहेर पडतं. सरळ धरलात तर तेच आत बटणाच्या स्विचवर जातं. चाकाच्या खाचांवर कपड्याची कड धरायची आणि चाक फिरवत राहायचं. खालच्या गुळगुळीत पट्ट्यांच्या कडेला धुळीची काळी रांग जमते, ती नखाने किंवा टूथपिकने जाते आणि माऊस एकदम हलका फिरायला लागतो. सेन्सरच्या भोकात फक्त कोरडी कानकाडी, हलक्या हाताने.

बाजूच्या चिकट रबराची गोष्ट वेगळी, आणि इथे दुसरी गफलत होते. साबण आणि ब्रशने धुतल्यासारखं पुसा, पूर्ण वाळवा, मग बोट दाबून बघा. खडबडीत खाचा दिसायला लागल्या आणि बोट चिकटत नसेल, तर तो मळच होता. पण वाळल्यावरही चिकट लागत असेल आणि कितीही पुसलं तरी टिश्यू काळाच येत असेल, तर तुम्ही मळ नाही, रबराचा थरच पुसताय. हातात मऊ लागावा म्हणून प्लास्टिकवर पॉलियुरेथेनचा पातळ लेप देतात. हवेतल्या दमटपणाने तो हळूहळू रासायनिकरीत्या तुटतो आणि गुळासारखा होतो. मुंबई-कोकणात, किंवा पावसाळाभर बंद कपाटात ठेवलेल्या माऊसमध्ये हे जास्त दिसतं. वापर कमी असला तरी होतं, त्यामुळे आपण अस्वच्छ आहोत असं वाटून घेऊ नका.

त्याला परत रबर करणारा उपाय नाही. टाल्कम पावडर लावायला सांगतात. ती दोन दिवस टिकते आणि नंतर पिठाच्या गोळ्यासारखा मळ होतो. एक तर माऊस सोडून द्या, नाहीतर तो लेप पूर्ण काढून टाका. त्यासाठी ९९ टक्क्यांचंच आयसोप्रोपिल, जुन्या सुती बनियनचे तुकडे आणि निदान अर्धा तास. तुकडा भिजवून पिळायचा, चिकट भागावर मिनिटभर दाबून धरायचा, मग एकाच दिशेने पुसून तुकडा बदलायचा. तोच तुकडा पुन्हा वापरला तर काढलेला चिकटा परत पसरतो. खाली साधं कडक प्लास्टिक लागतं, बहुधा चकचकीत. पकड घसरते असं वाटलं तर कापडी ग्रिप टेप लावता येते.

टचपॅडवर उरलेला लंबगोल फारच डोळ्यात खुपत असेल, तर टचपॅडच्या मापाची पातळ मॅट फिल्म मिळते. ती लावण्याआधी तेल पूर्ण निघालेलं हवं, नाहीतर कडा आठवड्यात उचलतात, आणि फिल्म टचपॅडच्या कडेपासून मिलीमीटरभर आतच कापा, फटीवर आली तर क्लिक अडतो. बारीक पॉलिश पेपरने पुन्हा मॅट करायचे व्हिडिओ सापडतील. करू नका, त्यांचा खडबडीतपणा सारखा येत नाही, ओरखडे तेवढे दिसतात.

अर्धा भाग पुसून टॉर्चमध्ये काय दिसलं ते इथे लिहा, जमल्यास फोटो टाका, पण तिरक्या प्रकाशातला. फ्लॅशमध्ये सगळंच चमकतं.